३,१०० की ३,१५२.५०? सहामाही चक्रवाढ व्याजाच्या प्रश्नाचा खुलासा

(आमच्या वर्गातील विद्यार्थी आणि पालकांसाठी)

सराव चाचणीत चक्रवाढ व्याजाच्या प्रश्नाला ‘३,१०० रुपये’ हे उत्तर लिहिले तर ते चूक का धरले, अशी विचारणा बऱ्याच पालकांनी केली. घरी पुन्हा गणित मांडले तरी ३,१०० च येतात, असेही काहींनी कळवले. ते खरे आहे. त्या मुलांच्या गुणाकारात काही चुकलेले नाही. चूक त्याआधी, सूत्रात आकडे भरताना झालेली आहे.

प्रश्न असा होता: २०,००० रुपये द.सा.द.शे. १० दराने दीड वर्षासाठी ठेवले. व्याजाची आकारणी दर सहा महिन्यांनी होत असेल, तर चक्रवाढ व्याज किती मिळेल? पर्याय होते ३,०००, ३,१००, ३,१५२.५० आणि ६,६२०.

बहुतेक मुलांना पाठ असलेले सूत्र म्हणजे A = P(1 + R/100)^N. यात P म्हणजे मुद्दल, R म्हणजे दर, A म्हणजे रास आणि N म्हणजे मुदत, वर्षांत. मुदत दीड वर्ष आहे, आणि दीडचा घात हाताने काढता येत नाही. मग मुले शाळेत शिकवलेली वाट धरतात: पूर्ण वर्षाला चक्रवाढ व्याज आणि उरलेल्या अर्ध्या वर्षाला सरळव्याज. पहिल्या वर्षाअखेर २२,००० होतात, त्यावर सहा महिन्यांचे ५ टक्के म्हणजे १,१००, एकूण २३,१००. व्याज ३,१००. व्याजाची आकारणी वर्षातून एकदा होत असती, तर हेच उत्तर बरोबर ठरले असते. पण प्रश्नात ती दर सहा महिन्यांनी आहे, आणि या मांडणीत ती कुठेच आलेली नाही.

सूत्रातला घात खरे तर व्याज मुद्दलात किती वेळा मिळवले जाते, ते मोजतो. वार्षिक आकारणीत ते वर्षातून एकदाच मिळवले जाते, म्हणून वर्षे मोजली तरी भागते. सहामाही आकारणीत दीड वर्षात ते तीन वेळा मिळवले जाते, म्हणून N ची जागा ३ घेते. दर मात्र वर्षाचा दिलेला असतो, त्यामुळे सहा महिन्यांच्या वाट्याला त्याचा अर्धा, म्हणजे ५ येतो. हे दोन्ही बदल एकाच वेळी करावे लागतात.

आता सूत्र बाजूला ठेवून रक्कम टप्प्याटप्प्याने पाहू. पहिल्या सहामाहीत २०,००० वर ५ टक्के म्हणजे १,००० व्याज, रक्कम २१,०००. दुसऱ्या सहामाहीत २१,००० वर १,०५०, रक्कम २२,०५०. तिसऱ्या सहामाहीत २२,०५० वर १,१०२.५०, रास २३,१५२.५०. मुद्दल वजा केले की ३,१५२.५० उरतात. सूत्राने केले तरी २०,००० ला १.०५ ने तीनदा गुणून हेच मिळते.

दोन उत्तरांमध्ये ५२.५० रुपयांचा फरक आहे, आणि हे पैसे नेमके कुठून आले ते दाखवता येते. पहिल्या सहामाहीचे १,००० रुपये व्याज दुसऱ्या सहामाहीत स्वतः व्याज कमावू लागते: १,००० चे ५ टक्के, ५० रुपये. वार्षिक मांडणीत ते १,००० वर्ष संपेपर्यंत मुद्दलात शिरतच नाहीत, म्हणून हे ५० रुपये हुकतात. तिसऱ्या सहामाहीत या ५० वर ५ टक्के, म्हणजे अडीच रुपये आणखी. पन्नास अधिक अडीच. मुलाला प्रश्न समजला आहे का, हे पाहायचे असेल तर त्याला सूत्र म्हणायला न लावता हा फरक उलगडून सांगायला लावावे.

उरलेले दोन पर्यायही उगीच दिलेले नव्हते. ३,००० हे निव्वळ सरळव्याज. ६,६२० येते ते घात ३ घेतला पण दर १० च ठेवला तर. म्हणजे दर सहा महिन्यांनी १० टक्के लावले, जणू वर्षाचा दर २० च आहे. याच्या उलट चूकही होते: दर ५ केला, पण मुदत दीडच राहू दिली. तेव्हा व्याज साधारण १,५१९ भरते, सरळव्याजाच्याही निम्म्याजवळ.

म्हणून गणित झाले की आधी सरळव्याज तोंडी काढून बघावे. दर आणि मुदत तीच असेल, तर दीड वर्षाच्या या प्रश्नात सरळव्याज सर्वांत कमी, वार्षिक चक्रवाढ त्याहून थोडे जास्त आणि सहामाही चक्रवाढ त्याहून किंचित जास्त यायला हवे. आपल्या प्रश्नात हे आकडे ३,०००, ३,१०० आणि ३,१५२.५० आहेत. सहामाही उत्तर सरळव्याजाच्या खाली गेले किंवा एकदम दुप्पट झाले, तर दर आणि मुदत यांपैकी एकच बदलला आहे असे समजावे. आणखी एक ताळा: वर्षाला दहा टक्के दर सहामाही आकारणीने लावला, तर वर्षाला प्रत्यक्षात १०.२५ टक्के पडतात. २०,००० वर पहिल्या वर्षी २,०५० हवेत, आणि वर दुसऱ्या टप्प्याअखेर नेमके तेवढेच झालेले दिसतात.

‘दर सहा महिन्यांनी’ हे शब्द दिसताच दर निम्मा करायचा, असाही समज करून घेऊ नये. व्याज सहामाही मुद्दलात मिळवले जाते की हातात दिले जाते, ते वाचावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांचे व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला खातेदाराला दिले जाते, मुद्दलात मिळवले जात नाही. तिथे चक्रवाढ होतच नाही. आपल्या प्रश्नात व्याज असे हातात दिले असते, तर तीन वेळा १,००० मिळून ३,००० हेच उत्तर झाले असते.

पालकांपैकी काहींकडे जुनी राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे असतील, त्यांना हा फरक कागदावरही दिसेल. पाच वर्षांच्या प्रमाणपत्राचे व्याज पूर्वी सहामाही चक्रवाढ होत असे. १ एप्रिल २०१६ पासून ते वार्षिक झाले. २०१४ मध्ये ८.५ टक्के दराने घेतलेल्या १०,००० रुपयांच्या प्रमाणपत्राचे मुदतीअखेर १५,१६२ रुपये मिळाले. वार्षिक सूत्राने तेच गणित केले तर १५,०३७ येतात, आणि पोस्टाने सव्वाशे रुपये जास्त दिले असे वाटू लागते. जुन्या सराव पुस्तकांत हे प्रमाणपत्र सहामाही आकारणीने आलेले असते, नव्यांत वार्षिक. म्हणून योजनेच्या नावावर न जाता प्रश्नात दिलेली आकारणीच धरावी. बँकांच्या मुदत ठेवींत बहुधा तिमाही आकारणी असते. तिथे दराला चारने भागायचे आणि वर्षांना चारने गुणायचे.

पुढच्या चाचणीआधी हा प्रश्न घरी सोडवून आणावा: १६,००० रुपये, द.सा.द.शे. २०, मुदत ९ महिने, आकारणी तिमाही. उत्तर २,५२२ रुपये आहे. इथेही ५ टक्के तीन वेळा लागतात, म्हणून १६,००० ला गुणायचा आकडा वरच्या प्रश्नातलाच, १.१५७६२५, निघतो.