मुलं परदेशी चालली, शाळेला अर्ज कधी द्यायचा? (आमच्या गिऱ्हाईकांसाठी)

दुकानात आठवड्याला दोन-तीन जण तरी येतात आणि म्हणतात, साहेब मिस्टरांना दुबईत जॉब लागलाय, पोरीचा दाखला काढायचाय, अर्ज टाइप करून द्या. आणि आम्ही पहिला प्रश्न विचारतो, व्हिसाचा पेपर आला का? तो आला नसेल तर दाखल्याचा अर्ज आम्ही टाइप करत नाही. यावरून काही लोक चिडून गेलेत, दुसरीकडून अर्ज करून घेतलाय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, त्याला कुणी टीसी म्हणतं कुणी एलसी. तो ज्या दिवशी निघतो त्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख पडते आणि हजेरीपटावरून नाव कमी होतं. मग पोरगं वर्गात बसू शकत नाही, परीक्षा पण देता येत नाही. लोकांना वाटतं दाखला काढून कपाटात ठेवला की झालं, जायच्या वेळी घाई नको. तसं नसतं.

मागच्या वर्षी एका कुटुंबाने ऑगस्टमध्येच दाखला काढला, कुठून काढला ते सोडा. व्हिसा आला नोव्हेंबरच्या शेवटी. पोरगं सहावीत, तीन महिने घरी, सहामाही परीक्षा बुडाली. शेवटी दिवाळीनंतर तोच दाखला परत जमा करून त्याच शाळेत पुन्हा ॲडमिशन घेतली, त्याला नवीन रजिस्टर नंबर पडला, आणि पंधरा दिवसांनी परत दाखला काढला तर त्यावर प्रवेशाची तारीख नोव्हेंबरची. तिकडच्या शाळेने विचारलं, मग जून ते नोव्हेंबर मुलगा कुठं होता? ते समजावता समजावता आई रडकुंडीला आली होती.

म्हणून अर्जात तीन तारखा वेगवेगळ्या लिहायच्या. शाळेत बसायचा शेवटचा दिवस कोणता, दाखला कोणत्या दिवशी पाहिजे, आणि विमान कधीचं. नुसतं 'लवकरात लवकर दाखला मिळावा' असं लिहिलं की क्लार्क तुमचा अर्ज ज्या दिवशी आला त्याच दिवसाची तारीख टाकतो, त्याची पण चूक नाही, अर्जात दुसरी तारीखच नसते.

आता एक उदाहरण धरू. दुबईचा एंट्री परमिट, म्हणजे व्हिसाचा पेपर, ३ ऑक्टोबरला आला. तो निघाल्यापासून साठ दिवसांत तिकडं पोहोचायचं असतं, म्हणजे १ डिसेंबरच्या आत (तुमच्या पेपरवर छापलेली तारीखच खरी धरा). तिकीट २८ नोव्हेंबरचं काढलं. आता मागे मोजत यायचं. सहामाही परीक्षा दिवाळीच्या आधी होते, ती द्यायचीच, कारण तिकडची शाळा चालू वर्षाचे मार्क बघते. निकाल सुट्टीनंतर शाळा उघडली की मिळतो, समजा ३ नोव्हेंबरच्या आठवड्यात. मग शेवटचा दिवस ७ नोव्हेंबर, दाखला १० नोव्हेंबर. आणि अर्ज? तो ८ ऑक्टोबरला परीक्षा चालू असतानाच देऊन टाकायचा. सुट्टीत ऑफिसला मुख्याध्यापक भेटतील याची खात्री नसते, आणि जानेवारीत जाणार असाल तर सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या सुट्ट्या पण धरा.

अर्ज असा होतो:

प्रति, मा. मुख्याध्यापक यांस.
विषय: कुटुंब परदेशी स्थलांतरित होत असल्याने शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.
महोदय, माझी मुलगी (पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव), इयत्ता ६ वी, तुकडी ब, जनरल रजिस्टर क्र. ..., ही आपल्या शाळेत शिकत आहे. तिच्या वडिलांना दुबई येथे नोकरी लागल्याने आम्ही २८ नोव्हेंबर रोजी तिकडे जात आहोत. ती प्रथम सत्राची परीक्षा देणार असून शाळेतील तिचा शेवटचा दिवस ७ नोव्हेंबर राहील. तरी शाळा सोडल्याचा दाखला, शक्य असल्यास इंग्रजीत, १० नोव्हेंबर रोजी मिळावा. सोबत प्रथम सत्राचे प्रगतीपत्रक व मागील दोन वर्षांची प्रगतीपत्रके शिक्क्यासह मिळावीत. त्याआधी प्रवेशासाठी बोनाफाईड दाखला आत्ताच मिळावा. व्हिसा व पासपोर्टची झेरॉक्स जोडली आहे.

खाली सही, मोबाईल नंबर, बास. पोच मात्र घ्या, दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का.

यातली बोनाफाईडची ओळ खूप कामाची आहे. तिकडच्या बऱ्याच शाळा बोनाफाईड आणि प्रगतीपत्रकावर सीट धरून ठेवतात, दाखला नंतर घेतात, त्यांना मेल करून आधी विचारा. बोनाफाईडने नाव कमी होत नाही. दुबईतल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपलं जूनला, म्हणजे नोव्हेंबरात पोचलेलं पोरगं तिकडं सहावीच्या अर्ध्याच्या पुढे बसणार. दाखल्यावर 'इयत्ता सहावीत शिकत होती, जूनपासून' असं स्पष्ट असलं की वर्ग ठरवताना भांडण राहत नाही.

कायद्याचं कलम टाका असं काही लोक सांगतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ आहे, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावा असं त्यात लिहिलंय, पण ते इथल्या इथं शाळा बदलण्यासाठी, सरकारी-अनुदानित शाळांमधल्या प्रवेशासाठी आहे. ज्या ऑफिसकडून इंग्रजी दाखला, शिक्के आणि तीन-चार सह्या मागायच्यात त्याला पहिल्याच कागदात धमकी कशाला? आम्ही ते टाकत नाही.

दाखला हातात आल्यावर काउंटरवरच पासपोर्ट शेजारी ठेवून वाचा. आपल्या सोलापुरात आडनावांचे स्पेलिंग घरात पण दोन-दोन प्रकारचे असतात, आईचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं. खरं तर हे दाखला निघायच्या आधी, मुलगी पटावर असतानाच बघायला पाहिजे, तेव्हा दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. शाळा सोडल्यावर रजिस्टर दुरुस्त करणं फार अवघड होऊन बसतं. आमच्याकडे अर्ज करायला येताना पासपोर्ट, जन्मदाखला आणि जुनं प्रगतीपत्रक आणा, नावं आम्ही जुळवून बघतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

पुढं दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, प्राथमिक की माध्यमिक ते शाळेच्या मान्यतेवर, क्लार्कला विचारा. मग मुंबईला राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालय. ओमान, बहरीनसाठी परराष्ट्र मंत्रालयात अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचा स्टिकर लागला की काम झालं. दुबई, कतार, कुवेत अपोस्टिल घेत नाहीत, त्यांच्यासाठी त्या देशाच्या इथल्या वकिलातीचा शिक्का लागतो आणि पोचल्यावर तिथल्या मंत्रालयाचा पण. वरच्या उदाहरणात दाखल्यापासून विमानापर्यंत अठराच दिवस आहेत, सगळं तेवढ्यात बसेलच असं नाही. तेव्हा आजोबांच्या किंवा मामांच्या नावाने अधिकारपत्र करून मूळ दाखला मागे ठेवा, शिक्के झाले की कुरिअरने पाठवता येतो. अधिकारपत्र आणि शिक्क्यांची कामं आम्ही करतो, फक्त मूळ दाखला देण्याआधी त्याच्या चार कलर झेरॉक्स काढून घरी ठेवा, मूळ कागद कुरिअरमध्ये हरवला तर डुप्लिकेटसाठी परत प्रतिज्ञापत्र आणि शाळेचे हेलपाटे, आणि तेव्हा तुम्ही इथं नसता.