ॲल्युमिनियमचे विद्युत अपघटनी निष्कर्षण

बॉक्साइटपासून मिळवलेले ॲल्युमिना (Al₂O₃) वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवून, त्यातून वीज सोडून धातुरूप ॲल्युमिनियम वेगळे करण्याची पद्धत. अमेरिकेतील चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू यांनी १८८६ साली एकमेकांच्या नकळत ती शोधली. दोघांचे जन्मवर्ष (१८६३) एकच आणि मृत्यूचे वर्षही (१९१४) एकच. जगातले खनिजापासून बनणारे जवळपास सगळे ॲल्युमिनियम आजही याच पद्धतीने तयार होते.

बॉक्साइट थेट विजेच्या भट्टीत जात नाही. त्यातले लोह, सिलिका आणि टायटॅनियमची संयुगे आधी काढावी लागतात. त्यासाठी दळलेले बॉक्साइट दाबाखाली गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावात विरघळवतात. ॲल्युमिना द्रावात उतरते आणि लोहाचा तांबडा गाळ मागे राहतो. ही बायर पद्धत. तिच्यातून साखरेसारखी वाहती, पांढरी शुभ्र ॲल्युमिना पूड हाती येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी भागातले बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात याच टप्प्यातून जाते. पुढचा विजेचा टप्पा मात्र वीज जिथे स्वस्त आणि अखंड मिळते तिथे चालतो. त्यामुळे अंगुल, कोरबा, रेणुकूट अशी नावे कोळसा आणि वीजकेंद्रांच्या नकाशावर शेजारीशेजारी सापडतात.

लोखंड जसे कोळशाने खनिजातून सोडवतात तसे ॲल्युमिनियम का सोडवत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. ॲल्युमिनियमची ऑक्सिजनवरची पकड फार घट्ट असते. नुसत्या कार्बनने ती सोडवायला २,००० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते, आणि त्या तापमानाला सुटलेला धातू कार्बनशीच संयोग पावून कार्बाइड बनवतो. पाण्यातल्या द्रावणातून वीज सोडली तर ॲल्युमिनियमच्या आधी पाणीच फुटते आणि हायड्रोजन निघतो. म्हणून पाण्याऐवजी दुसरा द्रावक हवा होता. तो क्रायोलाइटच्या (Na₃AlF₆) रूपाने सापडला.

क्रायोलाइटचे काम. शाळेत आपण वाचतो की क्रायोलाइट घातल्याने ॲल्युमिनाचा द्रवणांक कमी होतो. या वाक्याने डोळ्यांपुढे चुकीचे चित्र उभे राहते. मीठ पाण्यात घातले की ते वितळत नाही, विरघळते. मिठाचा ८०० अंशांचा द्रवणांक तिथे आड येत नाही. ॲल्युमिनाचेही तसेच आहे. शुद्ध ॲल्युमिना सुमारे २,०५० अंशांना वितळते, पण ९६० अंशांच्या क्रायोलाइटमध्ये ते विरघळून जाते. या द्रवाला कारखान्यात ‘बाथ’ म्हणतात. शुद्ध क्रायोलाइटचा द्रवणांक १,०१० अंशांच्या आसपास आहे. त्यात दहा-बारा टक्के जादा ॲल्युमिनियम फ्लोराइड आणि थोडे कॅल्शियम फ्लोराइड मिसळून तो आणखी खाली आणतात.

या द्रावकाचे गुण तपशिलात पाहिले की त्याच्या जागी दुसरे काही का बसले नाही ते समजते. तो वीज चांगली वाहून नेतो आणि हा प्रवाह मुख्यतः सोडियम आयन वाहतात. तरीही ऋणाग्रावर सोडियम न साचता ॲल्युमिनियम साचते, कारण या बाथमध्ये सोडियम सोडवायला आणखी थोडे जास्त व्होल्टेज लागते. दुसरा गुण घनतेचा. त्या तापमानाला बाथची घनता सुमारे २.१, तर द्रव ॲल्युमिनियमची २.३ असते. फरक एवढाच, पण तेवढ्याने धातू तळाशी बसतो. तो वर तरंगला असता तर धनाग्रावरच्या वायूत आणि हवेत जळून गेला असता.

क्रायोलाइट समीकरणात खर्च होत नाही. सुरुवातीच्या काळात ते ग्रीनलंडमधील इविट्टूट इथल्या खाणीतून यायचे. ती खाण १९८७ साली बंद झाली तरी उद्योग अडला नाही, कारण तोवर कृत्रिम क्रायोलाइट रुळले होते. आजच्या विद्युत घटात तर उलटे घडते. ॲल्युमिनामध्ये बायर पद्धतीतला किंचित सोडा उरलेला असतो. त्याचा ॲल्युमिनियम फ्लोराइडशी संयोग होऊन नवे क्रायोलाइट बनते, आणि कारखान्याला अधूनमधून जादा बाथ काढून घ्यावा लागतो. बाहेरून नियमित भरावे लागते ते ॲल्युमिनियम फ्लोराइड.

पॉटची रचना. विद्युत अपघटन ज्या घटात होते त्याला पॉट म्हणतात. पोलादी पेटीत उष्णतारोधक विटा आणि तळाला कार्बनचे ठोकळे असतात. या ठोकळ्यांवर वीसेक सेंटिमीटर द्रव ॲल्युमिनियमचा थर साचलेला असतो, आणि प्रत्यक्षात तोच ऋणाग्र म्हणून काम करतो. त्याच्यावर बाथ, आणि बाथमध्ये वरून बुडवलेली वीस ते चाळीस कार्बनची धनाग्रे. धनाग्राचा तळ आणि धातूचा पृष्ठभाग यांत जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटर अंतर असते. बाथ इतका दाहक असतो की त्याला तोंड देणारे स्वस्त अस्तर नाही. म्हणून बाजूच्या भिंती मुद्दाम थंड ठेवतात. तिथे बाथ गोठतो आणि स्वतःच स्वतःचे अस्तर बनतो. वरही गोठलेल्या बाथची आणि ॲल्युमिनाची कडक पापडी धरते. तिला क्रस्ट म्हणतात.

कार्बन का जळतो. पॉटमधली एकूण अभिक्रिया अशी:

2Al₂O₃ + 3C → 4Al + 3CO₂

यात कार्बन डाव्या बाजूला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. धनाग्र हे विजेला आत येण्याचे नुसते दार नाही. ते कच्चा माल आहे. ॲल्युमिनातला ऑक्सिजन मोकळा वायू म्हणून बाहेर पडतच नाही, धनाग्राच्या पृष्ठभागावर कार्बनशी जोडला जाऊन कार्बन डायऑक्साइड म्हणून निघतो. या जोडणीतून सुटणारी ऊर्जा विजेचे काम हलके करते. कार्बनच्या मदतीने ॲल्युमिना फोडायला सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.२ व्होल्ट पुरतात. धनाग्र न जळणारे असते तर २.२ व्होल्ट लागले असते. म्हणजे धनाग्र जळते हा दोष असला तरी त्याच्या जळण्यातून एका व्होल्टची मदतही मिळते.

प्रत्यक्षात पॉटवर ४ व्होल्टहून जास्त दाब असतो. उरलेले व्होल्टेज मुख्यतः त्या चार-पाच सेंटिमीटर बाथच्या रोधात, आणि बाकीचे धनाग्र, ऋणाग्र व वाहक पट्ट्यांत उष्णता बनून जाते. बाथ वितळलेला ठेवणारी उष्णता हीच. पॉटखाली वेगळा जाळ नसतो.

३,६०,००० अँपिअरचा, ४.२ व्होल्टवर चालणारा एक पॉट घेऊ आणि त्याचा एका दिवसाचा हिशेब मांडू. फॅराडेच्या नियमाने दर हजार अँपिअर-तासाला ०.३३५६ किलो ॲल्युमिनियम मिळायला हवे. ३६० × २४ × ०.३३५६ म्हणजे २,९०० किलो. प्रवाहाची कार्यक्षमता ९४ टक्के धरली तर हाती येतात २,७२५ किलो. त्यासाठी सव्वापाच टनांच्या आसपास ॲल्युमिना घालावे लागते. वीज लागते ३६,२८८ युनिट, म्हणजे किलोमागे सुमारे १३.३ युनिट.

आता कार्बन. समीकरणाप्रमाणे दर तीन किलो ॲल्युमिनियमला एक किलो कार्बन, म्हणजे २,७२५ किलोला ९०८ किलो. चांगल्या चालणाऱ्या पॉटमध्ये मात्र टनामागे ४१० किलोच्या आसपास, म्हणजे या पॉटला दिवसाला सुमारे १,११७ किलो कार्बन लागतो. वरचे दोनशे किलो कुठे गेले? त्यातले साठेक किलो वाया गेलेल्या सहा टक्के प्रवाहाचे. तळाच्या धातूचा काही अंश बाथमध्ये मिसळतो, वायूच्या बुडबुड्यांतल्या कार्बन डायऑक्साइडला भेटतो आणि पुन्हा ॲल्युमिना बनतो. त्या धातूसाठी कार्बन जळून गेलेला असतो, पदरात काही पडत नाही. उरलेले दीडशे किलो तीन वाटांनी जातात. धनाग्राचा उघडा माथा हवेत जळतो, गरम कार्बन डायऑक्साइड त्याच्या छिद्रांत शिरून कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि बांधणी सैल झालेले कण गळून बाथवर तरंगतात.

धनाग्राचे आयुष्य. धनाग्र भाजलेल्या पेट्रोलियम कोकचे आणि कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पिचचे बनते. पिच कोकच्या कणांना धरून ठेवतो. ठोकळे दाबून १,१०० अंशांच्या वर भाजतात आणि त्यांत पोलादी दांडे ओतीव लोखंडाने बसवतात. पॉटमध्ये त्यांचा तळ रोज सुमारे दीड सेंटिमीटर झिजतो. जितकी झीज, तितके धनाग्र खाली उतरवत राहायचे, म्हणजे मधले अंतर कायम राहते. चारेक आठवड्यांत वीतभर जाडीची उरलेली बुडखी (कारखान्यात ‘बट’) बाहेर काढून नवे धनाग्र बसवतात, आणि बुडखी दळून पुन्हा नव्या धनाग्रात घालतात.

बाहेर काढलेली बुडखी नीट पाहिली तर पॉटचे पुष्कळ दुखणे कळते. कडा चांगल्या, माथा सपाट आणि जाडी सारखी असेल तर काम नीट झाले. माथा वरून खाल्लेला, गोलसर झाला असेल तर ॲल्युमिना आणि दळलेल्या बाथचे वरचे पांघरूण पातळ पडले होते आणि हवा आत शिरली. पृष्ठभाग हाताला भुसभुशीत लागून काजळी सुटत असेल, तर पिचपासून बनलेला भाग कोकपेक्षा लवकर जळाला आहे आणि कोकचे दाणे मोकळे होऊन बाथमध्ये गेले आहेत. ही भुकटी बाथचा रोध वाढवते, रोधाने तापमान वाढते, आणि वाढलेल्या तापमानाला धनाग्र आणखी जोरात जळते. धनाग्र गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवले तर बाथ पोलादी दांड्यापर्यंत पोचतो. मग धातूच्या नमुन्यात लोह चढते. एखाद्याच पॉटमध्ये लोह अचानक वाढले की पहिला संशय दांड्यावर घ्यायचा.

ॲल्युमिनाचा तोल. बाथमध्ये ॲल्युमिना साधारण २ ते ४ टक्के ठेवतात. जास्त झाले तर न विरघळलेली जड पूड धातूखाली बसून गाळ होतो आणि ऋणाग्राकडे जाणारी वीज अडवते. फार कमी झाले तर धनाग्राजवळ फोडायला ऑक्सिजन उरत नाही, फ्लोराइडच फुटू लागते आणि धनाग्राखाली वायूचा थर धरतो. पॉटचे व्होल्टेज काही क्षणांत चारवरून तीस किंवा त्याहून वर जाते. याला धनाग्र परिणाम म्हणतात. यात कार्बन आणि फ्लोरीन जोडून CF₄ व C₂F₆ हे वायू बनतात. ते वातावरणात हजारो वर्षे टिकतात आणि त्यांची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट असते.

गंमत अशी की धगधगत्या बाथमधले ॲल्युमिना क्षणाक्षणाला मोजणारे टिकाऊ उपकरण नाही. ते पॉटच्या विद्युत रोधावरून ओळखतात. या टापूत ॲल्युमिना कमी झाले की रोध वाढतो. म्हणून संगणक काही वेळ मुद्दाम गरजेपेक्षा कमी पूड सोडतो आणि रोध किती वेगाने चढतो ते पाहतो. चढ तीव्र झाला की बाथ रिकामा होत आला असे समजून थोडा वेळ जास्त पूड सोडतो. वर हिशेब केलेल्या पॉटमध्ये मिनिटाला साडेतीन किलोच्या आसपास पूड जाते, आणि ती क्रस्ट फोडून किलो-किलोच्या घासांनी भरवली जाते.

न जळणाऱ्या धनाग्राचा शोध हॉल आणि एरू यांच्या काळापासून चालू आहे. सिरॅमिक आणि मिश्रधातूंची अनेक धनाग्रे तपासली गेली. २०१८ साली अल्कोआ आणि रिओ टिंटो या कंपन्यांनी त्यासाठी एलिसिस हा संयुक्त उपक्रम काढला. अशा धनाग्रावर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन निघतो. अडचणी दोन. ॲल्युमिना विरघळवणाऱ्या बाथमध्ये बहुतेक ऑक्साइड थोडेफार विरघळतातच, आणि धनाग्राचा विरघळलेला अंश शेवटी धातूत उतरून त्याची शुद्धता बिघडवतो. शिवाय कार्बनकडून मिळणारा तो एक व्होल्ट आता विजेने भरून काढावा लागतो. तो भरून काढायचा तर पॉटमधले अंतर आणि उष्णतेची गळती कमी करावी लागते, म्हणजे धनाग्राबरोबर पॉटही नव्याने रचावा लागतो.