मीनाकडे दोन भाऊ नसतात

भाच्याच्या पेपरात तीन इंग्रजी वाक्यं मराठीत करायची होती: ‘मीना हॅज टू ब्रदर्स’, ‘मीना हॅज अ सायकल’ आणि ‘मीना हॅज अ कोल्ड’. त्याने ‘मीनाकडे दोन भाऊ आहेत’, ‘मीनाकडे सायकल आहे’, ‘मीनाकडे सर्दी आहे’ असं लिहिलं आणि तीनपैकी एक गुण घेऊन घरी आला. शेजारच्या बाकावरच्या मुलीने ‘मीनाला दोन भाऊ आहेत’ आणि ‘मीनाला सर्दी झाली आहे’ लिहिलं, तिला पूर्ण गुण. “मामा, डिक्शनरीत हॅव म्हणजे जवळ असणे असंच दिलंय!”

डिक्शनरी खोटी नाही, अपुरी आहे. मराठीत ‘हॅव’ नावाचं क्रियापदच नाही. आपण ‘असणे’ वापरतो आणि मालकीची जात प्रत्ययावर सोडून देतो. जे सहज देता-घेता येतं त्याला ‘-कडे’ किंवा ‘जवळ’: सायकल, पैसे, किल्ली. नातं, अवयव, जे सोडवून ठेवता येत नाही, त्याला ‘-ला’. टेबलाला चार पाय असतात, टेबलाकडे नसतात. म्हणून ‘मीनाकडे दोन भाऊ आहेत’ ऐकलं की आपण विचारतो, कुणाचे? जणू ते तिच्या घरी उतरलेत. आणि सर्दी तर मीनाने मिळवलेली वस्तूच नाही, ती तिला ‘होते’.

मला खरी मजा पुढे वाटते. इंग्रजीत क्रियापद मीनाकडे बघून बदलतं. मराठीत ते मीनाला विचारतही नाही: ‘मीनाला भाऊ होता’, पण ‘मीनाला बहीण होती’. म्हणजे व्याकरणातला कर्ता भाऊ किंवा बहीण. पण मग ‘मीनाला आपली खोली आवडते’ घ्या. ‘आवडते’ चालतं खोलीच्या लिंगावर, तरी ‘आपली’ म्हणजे मीनाचीच, आणि ‘आपला’ सहसा कर्त्याकडे बोट दाखवतो. कर्तेपणाची एक खूण खोलीकडे, दुसरी मीनाकडे. भाषाशास्त्रात अशा ‘-ला’वाल्या मीनाला चतुर्थीतला कर्ता म्हणतात. शब्दाला शब्द ठेवला की ही वाटणी मोडते.

यावरून ‘मराठीत हॅव नाही, कारण आपली संस्कृती निर्मोही’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर सात-बाऱ्यावरून चाललेले भावकीचे दावे पाहून यावं. रशियनही रोजच्या बोलण्यात ‘माझ्यापाशी गाडी आहे’ अशाच वळणाने बोलते. भाषाशास्त्रज्ञ लिऑन स्टासेन यांनी 240 भाषांची मालकीची वाक्यं तपासली, त्यांत ‘हॅव’च्या जातीचं क्रियापद वापरणाऱ्या जेमतेम पाव भरल्या.

सीमा मात्र पुसट आहे. ‘मला वेळ आहे’ आणि ‘माझ्याकडे वेळ आहे’, दोन्ही सर्रास चालतं. भाच्याने लगेच विचारलं, “मग कुत्रा? मीनाला की मीनाकडे?” आमच्या घरात ‘मीनाकडे कुत्रा आहे’ म्हणतात, पण ‘गाईला वासरू आहे’. वासरू गाईचं नातेवाईक, हे त्याला पटलं. उरलेले दोन गुण मागायला जायचा बेत त्याने रद्द केला.