हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखात खंड दिसला, तर फिटनेस बँड परत आणण्याआधी हे वाचा

‘बँड खराब निघाला, बदलून द्या’ म्हणत जे ग्राहक दुकानात येतात, त्यांतल्या बहुतेकांचा बँड ठणठणीत असतो. झोप लागलेली असते ती फोनमधल्या ॲपला. विरार किंवा डोंबिवलीहून गर्दीच्या गाडीने दादरला यायचं, इथे आम्ही दोन मिनिटांत सेटिंग बदलून द्यायची आणि तुम्ही परत जायचं. तुमची ही खेप वाचावी म्हणून हा कागद.

मागच्या महिन्यात परळचे एक काका तिसऱ्यांदा आले. रोज पहाटे शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारतात. तक्रार अशी की आलेख रात्री 11 पर्यंत दिसतो, पुढे सकाळपर्यंत कोरा. मी त्यांच्यासमोर ॲप उघडलं, स्क्रीन बोटाने खाली ओढली आणि थांबलो. मिनिटभरात रात्रीचे आणि फेऱ्यांचे ठोके आपोआप भरले गेले. म्हणजे बँड रात्रभर मोजत होता. बँड आपल्याजवळ काही दिवसांची नोंद साठवून ठेवतो. फोनने मात्र बॅटरी वाचवायला ॲप बंद केलं होतं, त्यामुळे नोंद घ्यायला कोणी जागं नव्हतं.

घरी हीच परीक्षा करा. ॲप उघडून खाली ओढल्यावर खंड भरला, तर दोष फोनच्या सेटिंगचा. तसाच कोरा राहिला, तर बँडकडे बघू.

मधल्या किमतीच्या फोनमध्ये हे जास्त होतं, कारण कंपन्या बॅटरी टिकवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स कडकपणे बंद करतात. उपाय असा: बँडच्या ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, App info उघडा, Battery मध्ये जा आणि Unrestricted किंवा No restrictions निवडा. रेडमी, पोको फोनमध्ये Autostart सुद्धा चालू करावं लागतं. रिअलमी, ओप्पोमध्ये त्याच जागी Allow auto launch असं काहीसं दिसेल. सॅमसंगमध्ये झोपवलेल्या ॲप्सच्या यादीत हे ॲप नाही ना, तेही पाहा. आणि ‘फोन हलका करतो’ म्हणून सगळी ॲप्स एका फटक्यात झाडून टाकायची सवय या एका ॲपपुरती सोडा. फोनचं मोठं अपडेट आलं की ही सेटिंग पुन्हा तपासा, कधीकधी ती पहिल्यासारखी होते.

खंड भरला नाही, तर ॲपमध्ये ठोके मोजण्याचं अंतर पाहा. काही बँड दर 10 किंवा 30 मिनिटांनी मोजतात. तेव्हा आलेखात ठिपके दिसणारच, सलग रेघ नाही. अंतर 1 मिनिट केलंत तर रेघ दिसेल, पण खोक्यावर लिहिलेले बॅटरीचे दिवस मिळणार नाहीत. तेही नसेल तर पट्टा. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, हलणार नाही इतका घट्ट. हिरवा प्रकाश कातडीवरून परततो, त्यावरून बँड ठोके ओळखतो. सैल बँड धावताना कधी पावलांचीच लय ठोका समजतो आणि 165 दाखवतो. शंका आली तर थांबून लगेच मानेजवळ नाडी 30 सेकंद मोजा, दुप्पट करा, ताडून बघा. छातीत दुखत असेल तर बँड बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

नवा बँड घेताना आम्ही आधी तुमचा फोन मागतो. यावरून काहींना राग येतो, ‘फोनचा काय संबंध?’ म्हणतात. संबंध असा की बँडची अर्धी कामगिरी ॲपवर असते. तुमच्या अँड्रॉइडवर ते ॲप चालतं का, मोजण्याचं अंतर बदलता येतं का, वेगवेगळ्या ॲप्समधल्या आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या Health Connect ला नोंद देतं का, हे आम्ही पैसे घेण्याआधी दाखवतो. स्क्रीनचा रंग नंतर पाहा. दोन-तीन हजारांचा साधा बँड बहुतेकांना पुरतो. त्याहून महागाचा आम्ही आग्रह करत नाही.

शेवटची एक गोष्ट. बँड फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून जोडू नका, ॲपमधूनच जोडा. भावाला द्यायचा असेल तर आधी तुमच्या ॲपमधून काढून टाका. जुन्या खात्याला बांधलेला बँड अनेकदा नव्या फोनला जोडता येत नाही, आणि ते खातं आम्हालाही उघडता येत नाही.

जोडणी आम्ही दुकानातच मोफत करून देतो, साधारण 20 मिनिटं लागतात. येताना फोन चार्ज केलेला असू द्या आणि ईमेलचा पासवर्ड आठवत असू द्या.