चार वर्षांचं मशीन, सात वर्षांचं मशीन आणि १८४९ मधलं जंगल

जळगावच्या डाळ मिलमध्ये डागी दाणे निवडून काढणाऱ्या सॉर्टेक्स मशीनशिवाय आता पान हलत नाही. उतरत्या पन्हाळीवरून तूरडाळ सरसर खाली येते, कॅमेरा काळा किंवा डागी दाणा टिपतो आणि कॉम्प्रेसरच्या हवेचा एक झोत नेमका तेवढाच दाणा बाजूला उडवतो. हवा सोडणारे छोटे व्हॉल्व्ह झिजले की झोत उशिरा बसतो आणि डागी दाण्याबरोबर चार चांगले दाणेही रिजेक्शनच्या पोत्यात जाऊन पडतात. मशीन म्हातारं झालं हे मिलवाल्याला कळतं ते त्या पोत्यात मूठ घालून पाहिल्यावर.

समजा, एका मिलपुढे दोन कोटेशन आली आहेत. आकडे हिशेबाच्या सोयीने घेतलेत. पहिलं मशीन १८ लाखांचं, चार वर्षं चालणारं. हाताने निवडण्याची मजुरी वाचते, डाळीला भाव बरा मिळतो, आणि वीज-देखभाल वजा जाता वर्षाला साडेसात लाख सुटतात. दुसरं ३० लाखांचं, सात वर्षं चालणारं. त्यातून वर्षाला आठ लाख सुटतात. भंगाराची किंमत आणि कर बाजूला ठेवू. बँकेचं कर्ज १२ टक्क्यांचं. घ्यायचं कोणतं?

मुनीम सरळ भागाकार करतो. १८ लाख भागिले चार म्हणजे वर्षाला साडेचार लाखांची झीज. ३० भागिले सात म्हणजे जवळपास चार लाख २९ हजारांची. पहिल्यात वर्षाला तीन लाख उरतात, दुसऱ्यात तीन लाख ७१ हजार. म्हणजे दुसरं घ्या. सीए म्हणतो, मुनीमजी, व्याज कुठे गेलं? तो पुढच्या वर्षांची रक्कम १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणतो. त्यातून मशीनची किंमत वजा केली की पहिल्या मशीनचं निव्वळ वर्तमान मूल्य येतं चार लाख ७८ हजार, दुसऱ्याचं सहा लाख ५१ हजार. पुन्हा दुसरंच. पण ते चार लाख ७८ हजार चार वर्षांत सुटलेत आणि सहा लाख ५१ हजारांना सात वर्षं लागलीत. पाचव्या, सहाव्या, सातव्या वर्षी पहिल्या मशीनवाला हातावर हात ठेवून बसणार नाही. त्याची मिल चालूच असेल.

वयात असा फरक असलेल्या दोन वस्तूंची तुलना कशी करायची, हा प्रश्न मशीनवाल्यांच्याही आधी जंगलवाल्यांना पडला होता.

जर्मनीतल्या हेसे भागात मार्टिन फाउस्टमान नावाचा वनाधिकारी होता. वनजमीन उघडी केली तर तिची किंमत किती धरायची, असा वाद त्या काळी चालू होता. झाडं साठाव्या वर्षी तोडायची की शंभराव्या, यावर उत्पन्न बदलतं आणि म्हणून जमिनीची किंमतही बदलते. १८४९ मध्ये फाउस्टमानने एका वनविषयक नियतकालिकात लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की एकाच तोडणीकडे पाहू नका. तोड झाली की त्याच जमिनीवर पुन्हा लागवड होते, पुन्हा तोड, पुन्हा लागवड. ही साखळी अनंत काळ चालते असं धरा, प्रत्येक फेऱ्याचं उत्पन्न व्याजाने आजच्या दिवसावर आणा आणि बेरीज करा. मग साठ वर्षांचा फेरा आणि शंभर वर्षांचा फेरा एकाच पट्टीने मोजता येतात, कारण दोन्ही साखळ्यांची लांबी आता सारखीच, म्हणजे न संपणारी. त्या बेरजेवर वर्षाचं व्याज काढलं की मिळते जमिनीची दरसालची कमाई.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मृगबाग कापल्यावर बुंध्याशी राखलेल्या पिलावर पिलबाग घ्यायची की शेत मोकळं करून नवी रोपं लावायची, हे ठरवताना तो एका कापणीचे पैसे एकमेकांशी ताडून पाहत नाही. पिलबागेचा घड हलका आला तरी ती लवकर निघते आणि रोपांचा खर्च वाचवते. म्हणून तो महिन्याला एकरी किती पडलं हे विचारतो. जमीन किती काळ अडकून पडली, हे त्याच्या हिशेबात आपोआप येतं. फरक इतकाच की तो व्याज मनात धरतो, कागदावर नाही.

फाउस्टमानची पद्धत वनशास्त्रात रुजली, पण अर्थशास्त्रज्ञांनी तिच्याकडे बराच काळ लक्षच दिलं नाही. त्यांच्यातल्याच पॉल सॅम्युएलसनने १९७६ मध्ये जाहीरपणे सांगितलं की या प्रश्नावर नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ चुकले आणि वनाधिकारी बरोबर होता. मला यात गंमत वाटते: सव्वाशे वर्षं बरोबर उत्तर छापील स्वरूपात पडून होतं.

मशीनच्या दुनियेत हीच कल्पना दुसऱ्या दाराने आली, अमेरिकेतल्या इंजिनिअरांकडून. रेल्वे बांधणाऱ्यांना रोज हाच पेच: लाकडी पूल स्वस्त पण लवकर कुजणारा, लोखंडी महाग पण टिकणारा. आर्थर वेलिंग्टनने १८७० आणि १८८० च्या दशकांत रेल्वेमार्ग आखण्याच्या अर्थशास्त्रावर लिहिलं आणि बांधकामाचा खर्च व पुढचा चालवण्याचा खर्च एकत्र तोलायची सवय लावली. १९३० मध्ये स्टॅनफर्डच्या यूजीन ग्रँटचं पाठ्यपुस्तक आलं आणि वार्षिक खर्चाच्या तुलनेला त्यात मानाची जागा मिळाली. इंजिनिअर अनंत साखळीच्या बेरजेत शिरला नाही. त्याने मशीनची किंमत व्याजासह त्याच्या आयुष्यावर सारख्या हप्त्यांत पसरली, जसा कर्जाचा हप्ता बसतो तसा, आणि दोन हप्ते शेजारी ठेवले. उत्तर फाउस्टमानचंच येतं. पन्नाशीच्या दशकात भांडवली गुंतवणुकीचा विषय कंपन्यांच्या वित्त विभागाकडे आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत गेला, तिथून तो सीएच्या अभ्यासक्रमात आला. आज जळगावात कुणी हा हिशेब मांडलाच तर तो बहुधा याच वाटेने आलेला असतो.

आता आपली दोन मशीन. चार वर्षं दरसाल एक रुपया मिळाला तर १२ टक्क्यांनी त्याची आजची किंमत ३.०३७ रुपये; सात वर्षं मिळाला तर ४.५६४ रुपये. निव्वळ वर्तमान मूल्याला या आकड्याने भागायचं. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम:

```
=PMT(12%,4,-478000)
=PMT(12%,7,-651000)
```

पहिल्या मशीनचा वार्षिक समतुल्य, म्हणजे दरसाल सारखा पडणारा नफा, येतो सुमारे एक लाख ५७ हजार, दुसऱ्याचा एक लाख ४३ हजार. निकाल फिरला. खात्री करायची तर २८ वर्षांची साखळी घ्या: पहिलं मशीन सात वेळा, दुसरं चार वेळा. आजच्या किमतीत पहिल्या साखळीचे साडेबारा लाखांच्या आसपास होतात, दुसरीचे ११ लाख ४० हजारांच्या. क्रम तोच.

बहुतेक शिकवण्या इथे थांबतात. मला खरी अडचण इथून पुढे दिसते.

या हिशेबाने गृहीत धरलंय की चार वर्षांनी तेच मशीन त्याच १८ लाखांना मिळेल. फाउस्टमानच्या काळी जर्मन राज्यांत चांदीची नाणी चालत आणि भाव वर्षानुवर्षं एकाच दिशेने चढत नसत; त्याच जमिनीवर तीच झाडं त्याच भावात लावणं ही कल्पना फार ओढूनताणून आणलेली नव्हती. आपल्याकडे बँकेच्या १२ टक्क्यांत महागाई आधीच मिसळलेली आहे. म्हणजे भागणारा दर महागाईसकट आणि मशीनची किंमत व सुटणारे पैसे मात्र आजच्या भावात गोठवलेले. ही विसंगती नजरेतून निसटते, कारण वर्तमान मूल्यापर्यंतचा हिशेब कागदावर अगदी चोख दिसतो.

महागाई पाच टक्के धरू. १.१२ ला १.०५ ने भागलं की महागाई वगळलेला दर मिळतो सुमारे ६.६७ टक्के. सगळे आकडे आजच्या रुपयांत आहेत, म्हणून दरही हाच लावायला हवा. आता पहिल्या मशीनचा वार्षिक समतुल्य होतो सुमारे दोन लाख २३ हजार आणि दुसऱ्याचा दोन लाख ५० हजार. निकाल पुन्हा दुसऱ्याच्या बाजूने. दर १० टक्के धरला तर दोघांत जेमतेम सोळाशेचा फरक राहतो, म्हणजे बरोबरी. या जोडीत मशीनपेक्षा दरच निर्णय घेतोय. तेव्हा कुणी वार्षिक समतुल्य काढून कागद पुढे केला की आधी विचारावं: दर महागाईसकट आहे की वगळून, आणि पैसे कोणत्या भावात मांडलेत?

मुनीमजींचा भागाकारही दुसऱ्याच मशीनकडे झुकला होता, पण ते व्याजच विसरले होते. त्यांचं उत्तर जुळलं हा योगायोग.

दुसरी गोष्ट अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज टरबॉर्घने १९४९ मध्ये नीट मांडली. कारखान्यात आज उभं असलेलं मशीन आणि बाजारात येऊ घातलेलं मशीन यांची झुंज चालू असते, आणि येणारं मशीन जुन्याची हुबेहूब नक्कल नसतं. साग तोडून साग लावता येतो. कॅमेऱ्याच्या मशीनचं तसं नाही. चार वर्षांनी येणारं सॉर्टेक्स बहुधा जास्त बारीक डाग पकडेल, कदाचित स्वस्तही असेल. कमी आयुष्याचं मशीन घेणारा ही संधी लवकर गाठतो, आणि वार्षिक समतुल्यात तिची किंमत शून्य धरलेली असते.

ती शून्य नाही तर किती, हे उलट्या बाजूने काढता येतं. ६.६७ टक्क्यांच्या हिशेबात पहिलं मशीन दरसाल साधारण २७ हजारांनी मागे आहे. चार वर्षांची ही तूट व्याजासह दुसऱ्या खेपेच्या मशीनने भरून काढायची असेल, स्वतःच्या चार वर्षांत पुन्हा मागे पडायचं नसेल, आणि तेही वर्षाला साडेसात लाखच सोडणारं असेल, तर त्याची किंमत आजच्या रुपयांत १६ लाखांच्या थोडी खाली यायला हवी. म्हणजे चार वर्षांत महागाई वगळून १२ टक्क्यांची घट. कोटेशन घेऊन आलेल्या माणसाला हेच विचारता येईल: हेच मॉडेल चार वर्षांपूर्वी केवढ्याला विकत होतात? त्या जुन्या किमतीत चार वर्षांची महागाई मिळवून आजच्या भावाशी ताडली की घट दिसते की नाही ते कळेल.