स्टार्टअपची मान्यता आणि करमाफी: दोन कागद आणि १९४९ ची एक जुनी अट

"मान्यता तर भेटली नं भाऊ, मग टॅक्स काऊन लागला?" नागपुरात सीताबर्डीवरच्या आमच्या ऑफिसात दर ऑक्टोबरात कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन बसलेला असतो. मोबाइलमध्ये स्टार्टअप इंडियाचं प्रमाणपत्र आणि समोर कर भरायचं चलान. मान्यता म्हणजेच करमाफी, असा त्याचा समज असतो. हे दोन कागद वेगवेगळे आहेत. ते वेगळे कसे झाले हे कळलं की अटीही आपोआप उलगडतात.

१५ ऑगस्ट २०१५ ला लाल किल्ल्यावरून स्टार्टअप इंडियाची घोषणा झाली आणि १६ जानेवारी २०१६ ला कृती आराखडा आला. पुढच्याच महिन्यात उद्योग खात्याने अधिसूचना काढून स्टार्टअप कोणाला म्हणायचं हे ठरवलं. वय पाच वर्षांच्या आत, उलाढाल २५ कोटींपर्यंत आणि कामात काहीतरी नावीन्य, अशी ती व्याख्या होती. नावीन्य सिद्ध करायला इन्क्युबेटरचं, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या संस्थेचं, शिफारसपत्र किंवा तसाच दुसरा पुरावा लागे. इन्क्युबेटर कुठे आहे हे शोधण्यातच अनेकांचे महिने जात. मे २०१७ मध्ये ही शिफारसपत्राची अट गेली आणि मान्यता पुष्कळ सोपी झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये वयाची मर्यादा दहा वर्षं आणि उलाढालीची १०० कोटी झाली. हे आकडे अधिसूचनेने बदलतात, त्यामुळे अर्ज कराल त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना वाचायची. पहिल्यांदा कंपनी काढणाऱ्याला मात्र उलाढालीच्या मर्यादेची काळजी करायचं फारसं कारण नसतं.

करमाफीचा उगम दुसरीकडे आहे. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ती जाहीर केली आणि आयकर कायद्यात ८०-आयएसी हे कलम आलं. नफ्यावर शंभर टक्के वजावट, पाचपैकी कोणतीही सलग तीन वर्षं. पाचाची सात २०१७ मध्ये झाली आणि सातची दहा २०२० मध्ये. कंपनी कधीपर्यंत स्थापन झालेली असावी ही तारीखही पुढे सरकत गेली. सुरुवातीला ती मार्च २०१९ होती, २०२५ च्या अर्थसंकल्पाने ती १ एप्रिल २०३० च्या आधीपर्यंत नेली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमाचा क्रमांक बदलला. सीए लोकांच्या तोंडी मात्र अजून ८०-आयएसीच आहे, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो.

एक कागद उद्योग खात्याच्या अधिसूचनेतून येतो, दुसरा आयकर कायद्यातून, आणि दोघांची गाळणी सारखी नाही. मान्यता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी आणि नोंदणीकृत भागीदारी फर्म यांना मिळू शकते. करमाफी फक्त कंपनी आणि एलएलपीला. भागीदारी फर्म इथे बाहेर पडते, आणि प्रोप्रायटरशिप दोन्हीकडे चालत नाही. शिवाय करमाफीसाठी आंतर-मंत्रालयीन प्रमाणन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. मान्यतेनंतर त्याच पोर्टलवर दुसरा अर्ज करायचा, सोबत ताळेबंद, रिटर्न, भागधारकांची यादी आणि उत्पादनाची माहिती द्यायची. उत्पादनात नवं काय आहे किंवा धंदा वाढून रोजगार, संपत्ती कशी निर्माण होईल, हे मंडळ बघतं. प्रमाण सांगतो. एप्रिल २०२५ च्या शेवटी मंडळाची ८० वी बैठक झाली, तोवर मान्यताप्राप्त स्टार्टअप दीड लाखाच्या वर गेले होते आणि करमाफी मिळालेले होते सुमारे ३,७००.

आता त्या अटीकडे येऊ जी दोन्हीकडे आहे आणि जिच्यावर नागपूरसारख्या गावातले अर्ज अडकू शकतात. अट अशी: हा उद्योग आधीच चालू असलेल्या धंद्याची फोड करून किंवा त्याची पुनर्रचना करून उभा केलेला नसावा. करमाफीच्या कलमात एक पुस्ती अधिक आहे, आधी वापरलेली यंत्रसामग्री नव्या धंद्यात आणून तो उभा केलेला नसावा.

ही भाषा स्टार्टअपवाल्यांसाठी लिहिलेली नाही. ती १९४९ ची आहे. स्वातंत्र्यानंतर नवे कारखाने यावेत म्हणून १९२२ च्या आयकर कायद्यात १५-सी हे कलम घातलं गेलं. नव्या उद्योगात गुंतवलेल्या भांडवलाच्या सहा टक्क्यांपर्यंतचा नफा करमुक्त, अशी सवलत होती. जुन्याच कारखान्यावर नवी पाटी लावून कोणी ती लाटू नये, म्हणून ही अट आली. पुढे सवलतीची कलमं बदलली, अट मात्र एका कलमातून दुसऱ्यात उतरत राहिली.

तिचा अर्थ न्यायालयात लागला. टेक्स्टाईल मशिनरी कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं की, जुन्या धंद्याच्या मालकाने नवं युनिट काढलं एवढ्याने ती पुनर्रचना होत नाही. नव्या युनिटमध्ये नवं भांडवल आहे का, त्याला स्वतःची वेगळी ओळख आहे का, आणि उद्या जुना धंदा बंद पडला तरी ते उभं राहील का, हे पाहायचं. १९९२ च्या बजाज टेम्पोच्या खटल्यात जुन्या धंद्याची अवघ्या ३,५०० रुपयांची अवजारं नव्यात आली होती. तेवढ्यावरून सवलत नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आजच्या कलमात यासाठी स्पष्ट माप आहे: वापरलेली यंत्रसामग्री एकूण यंत्रसामग्रीच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत चालते.

हिंगणा एमआयडीसीतलं एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, परिस्थिती अगदी नेहमीची. २०१८ पासून त्याची प्रोप्रायटरशिप आहे, हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत ऑटोमेशन पॅनलची दुरुस्ती आणि वार्षिक देखभालीचे करार. वडिलांचं जवळच वर्कशॉप आहे. जुलै २०२१ मध्ये तो प्रायव्हेट लिमिटेड काढतो. कॅमेऱ्याने संत्र्याचा आकार, रंग आणि डाग ओळखून प्रतवारी करणारं यंत्र बनवायचं ठरतं.

पहिला मोह उलाढालीचा असतो. नवी कंपनी कोरी दिसू नये म्हणून देखभालीचे जुने करार तिच्या नावावर वळवायचे, बिलं तिच्यातून काढायची. इथेच घात होतो. तेच ग्राहक, तीच माणसं, तेच काम, फक्त जीएसटी क्रमांक नवा, म्हणजे कागदावर ती सरळसरळ जुन्या धंद्याची पुनर्रचना दिसते. मंडळाने किंवा पुढे आयकर अधिकाऱ्याने आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची बिलं शेजारी ठेवली की झालं. त्याऐवजी दुरुस्ती प्रोप्रायटरशिपमध्येच राहू द्यावी आणि कंपनीत फक्त प्रतवारीचं यंत्र. पहिल्या वर्षी विक्री शून्य दिसली तरी चालेल.

दुसरा मुद्दा यंत्रांचा. वर्कशॉपमधलं जुनं लेथ, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग सेट कंपनीत आणले, किंमत साडेतीन लाख. नवी खरेदी साडेअकरा लाखांची. एकूण पंधरा लाखांत जुन्याचा वाटा २३ टक्क्यांच्या वर जातो आणि अट मोडते. नवी खरेदी साडेचौदा लाखांची असती तर एकूण अठरा लाखांत तो वाटा सुमारे साडेएकोणीस टक्के भरला असता आणि अट पाळली गेली असती. दुसरी वाट अशी की जुनी यंत्रं वडिलांकडेच ठेवायची, तिथून जॉबवर्क करून घ्यायचं आणि बिल द्यायचं. मात्र ते बिल बाजारभावाचं हवं. घरातलंच आहे म्हणून अर्ध्या दरात काम करून घेतलं, तर कंपनीचा करमुक्त नफा फुगतो, आणि जवळच्या व्यवहारातला असा जादा नफा वजा करण्याचा अधिकार कायदा अधिकाऱ्याला देतो.

तिसरा मुद्दा वर्षं निवडण्याचा. कंपनी २०२१-२२ मध्ये स्थापन झाली, म्हणजे दहा वर्षं २०३०-३१ ला संपतात. पहिल्या दोन वर्षांत मिळून २२ लाख तोटा झाला, तिसऱ्या वर्षी ६ लाख नफा. प्रमाणपत्र हातात आहे म्हणून तिसऱ्याच वर्षी करमाफी सुरू करावी, असं वाटतं. पण तो ६ लाखांचा नफा मागच्या तोट्यात तसाही जिरणार होता. तीन वर्षं सलग मोजली जातात, मध्ये थांबवता येत नाहीत. जुना तोटा संपेपर्यंत थांबणं बहुतेकदा शहाणपणाचं, फक्त दहावं वर्ष नजरेआड होऊ द्यायचं नाही.

आणि शेवटी, सुरुवातीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर: दोन्ही कागद हातात असले तरी कर का लागतो. जेटलींच्या त्याच भाषणात करमाफीच्या पाठोपाठ एक छोटं वाक्य होतं: अशा कंपन्यांना मॅट, म्हणजे पुस्तकी नफ्यावरचा किमान पर्यायी कर, लागू राहील. २०२४-२५ च्या दरांनी हिशेब मांडू. जुना तोटा संपलेल्या कंपनीचा पुस्तकी आणि करपात्र नफा दोन्ही ४० लाख धरा. २५ टक्के दर आणि चार टक्के उपकर धरून नेहमीचा कर १० लाख ४० हजार होतो. करमाफीने तो शून्यावर येतो, पण मॅटचे १५ टक्के आणि उपकर मिळून ६ लाख २४ हजार भरावेच लागतात. त्या वर्षी करात वाचतात ४ लाख १६ हजार. मॅटची रक्कम त्या वेळच्या नियमांनी पुढच्या पंधरा वर्षांत नेहमीच्या करातून वळती करून घेता येत होती, म्हणजे ती बुडीत नव्हती. आपल्या वर्षाचा दर आणि नियम तेवढा तपासून घ्यावा.

मॅटला वैतागून काही जण २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दराकडे वळतात. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या या पर्यायात मॅट नाही, हे खरं. पण त्यात ८०-आयएसीची वजावटही नाही, आणि एकदा निवडला की तो पर्याय सोडता येत नाही. अधिभार आणि उपकर धरून तो दर २५ टक्क्यांच्या थोडा वरच जातो. पहिलंच रिटर्न भरताना कोणीतरी 'नवा दर घेऊन टाकू' म्हणून त्या चौकटीवर खूण करतो, कंपनी तेव्हा तोट्यात असल्याने कोणाला काही जाणवत नाही. चार वर्षांनी नफा आणि प्रमाणपत्र दोन्ही एकदम येतात तेव्हा ते कळतं.

करमाफीच्या तिन्ही वर्षी सीएचा फॉर्म १०सीसीबीचा ऑडिट अहवाल रिटर्नच्या मुदतीच्या महिनाभर आधी, म्हणजे साधारण ३० सप्टेंबरपर्यंत, आणि रिटर्न ३१ ऑक्टोबरच्या आत भरावं लागतं. रिटर्न एक दिवस जरी उशिरा गेलं तरी त्या वर्षीची वजावट जाते, प्रमाणपत्र खरं असलं तरीही, आणि ते वर्ष तिनांतून मोजलं जातं ते वेगळंच.