परीक्षण कोणाचं चाललंय : कादंबरीकाराचं की त्याच्यावरच्या ग्रंथाचं?

मराठीत एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी वाळपईहून कदंबाच्या बसने पणजीला आली आणि तिने साडेनऊशे शब्दांचं परीक्षण माझ्यापुढे ठेवलं. भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांवरच्या एका अभ्यासग्रंथाचं परीक्षण. नेमाडे काही वर्षं गोवा विद्यापीठात शिकवायला होते, त्यामुळे आमच्याकडे त्यांच्यावरचं पुस्तक जरा आपुलकीनेच उघडलं जातं. परीक्षण वाचायला छान होतं. पण वाचून झाल्यावर नेमाड्यांबद्दल मला तिची बारा-पंधरा मतं कळली होती आणि ग्रंथाबद्दल एवढंच, की तो 'संग्राह्य' आहे.

ही गल्लत इतकी सर्रास होते, की ती सहसा कुणी गल्लत म्हणूनही ओळखत नाही. कादंबरीकारावर लिहिणं आणि कादंबरीकारावरच्या ग्रंथावर लिहिणं यांत नावं तीच येतात, कादंबऱ्याही त्याच, कधीकधी उताऱ्यांसकट. मात्र पहिल्या लिखाणात आपण आणि कादंबरी आमनेसामने असतो. दुसऱ्यात मध्ये आणखी एक माणूस उभा असतो, ग्रंथकर्ता. तो कादंबऱ्यांबद्दल काहीतरी सिद्ध करू पाहतो आणि आपल्याला न्याय करायचा तो त्याच्या त्या खटपटीचा. कादंबरी इथे साक्षीदार म्हणून येते, आरोपी म्हणून नाही.

मी तिच्या हाती लाल पेन दिलं आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करायला सांगितलं. 'नेमाडे दाखवतात', 'पांडुरंग नाकारतो', 'कादंबरी प्रश्न उभा करते'. दोन पानं अशीच गेली. 'ग्रंथकर्ता मानतो', 'दुसऱ्या प्रकरणात दाखला दिला आहे', 'या विधानाला आधार दिसत नाही' अशी वाक्यं मिळून सहा भरली. हे खूळ वाटेल, पण आपण कशाचं परीक्षण करतोय हे यापेक्षा लवकर कळायचा मार्ग मला माहीत नाही. हजार शब्दांच्या परीक्षणात कादंबरीकाराची ओळख दीडशे शब्दांत आटपावी. विशेषांकात लिहायचं असेल तर त्याहून कमी, कारण तिथल्या वाचकाला 'कोसला' 1963 ची आहे हे सांगावं लागत नाही.

आता तो ग्रंथ पाहू. त्याचं नाव सांगत नाही, आणि मुद्दा सोपा व्हावा म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. त्याचा मुख्य दावा असा : नेमाड्यांच्या कादंबरीचा गाभा 'परतणं' हा आहे. त्यांचा नायक शहरातून, शिक्षणातून, परक्या व्यवस्थेतून फिरून शेवटी आपल्या गावाकडे वळतो.

तिने याबद्दल लिहिलं होतं, 'नेमाड्यांनी ग्रामीण तरुणाचं परतणं फार उत्कटपणे चितारलं आहे.' हे वाक्य ग्रंथ न उघडताही लिहिता आलं असतं. शिवाय ते मूळ प्रश्नाला बगल देतं. ग्रंथकर्त्याने सांगितलेलं 'परतणं' कादंबऱ्यांमध्ये खरोखर आहे का, आणि असेल तर कुठवर, हा तो प्रश्न.

मग आम्ही दोघांनी बसून मोजणी केली. 'कोसला'त पांडुरंग सांगवीकर पुण्यातलं शिक्षण मागे टाकून सांगवीला येतो. इथे दावा चपखल बसतो. 2010 च्या 'हिंदू'त खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो आणि वडिलांच्या आजाराची बातमी आल्यावर गावाकडे निघतो. इथेही बसतो. पण या दोन कादंबऱ्यांमध्ये 47 वर्षं आहेत, आणि त्या वर्षांत चांगदेव पाटीलच्या चार कादंबऱ्या येतात : 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल'. चांगदेव एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात नोकरीसाठी हलत राहतो. बिऱ्हाड बदलणं म्हणजे परतणं नव्हे.

म्हणजे सहापैकी दोन कादंबऱ्या दाव्याच्या बाजूने बोलतात आणि चार कुरकुरतात. ग्रंथाची पानं पाहिली तर 'कोसला'ला साठेक, 'हिंदू'ला जवळपास तेवढीच, आणि चांगदेवच्या चारही कादंबऱ्यांना मिळून बावीस. या वाटणीतच ग्रंथकर्त्याची अडचण दिसते. अनुक्रमणिका नीट वाचणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी दिसावी.

आणि इथेच नवा परीक्षक दुसऱ्या खड्ड्यात पडतो. माझी विद्यार्थिनी लगेच म्हणाली, "सर, मग ग्रंथ चुकीचाच आहे की!" मी तिला थांबवलं. चार कादंबऱ्या दाव्यात बसत नाहीत एवढ्याने दावा कोसळत नाही. ग्रंथकर्ता म्हणू शकतो, की चांगदेवला परतता येत नाही हीच त्याची शोकांतिका, आणि म्हणून परतणं त्या चार कादंबऱ्यांत अभावाच्या रूपाने आहे. तसं म्हणून, चांगदेवला गावाची ओढ जाणवते असे प्रसंग काढून दाखवले, तर दावा उलट अधिक खोल होतो. किंवा तो दावा आखूड करून पहिल्या आणि शेवटच्या कादंबरीपुरता ठेवू शकतो. या ग्रंथात दोन्ही नव्हतं. बावीस पानांत चांगदेवच्या कादंबऱ्यांना 'परतीच्या वाटेवरचा टप्पा' म्हणून वाटेला लावलं होतं. परीक्षणात आक्षेप घ्यायचा तो इतकाच आणि नेमका इथे : दाव्याला अडवणारा पुरावा समोर असताना त्याला सामोरं न जाणं.

'मला तसं वाटत नाही' आणि 'तुमच्याच पुराव्यावर हे उभं राहत नाही' यांतही असंच अंतर आहे. पहिलं कादंबरीवरचं मत झालं. दुसरं ग्रंथावरचं परीक्षण, आणि ते लिहायला कादंबऱ्या पुन्हा उघडाव्या लागतात.

उघडायच्या म्हणजे किती? प्रत्येक अवतरण तपासायला कुणाला वेळ नसतो. मी दहा निवडतो, तीही ज्यांच्यावर मोठं विधान टेकलंय अशीच. पणजीत पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक दुपार बसलं तर काम होतं. तिथे तीन गोष्टी बघायच्या. अवतरण कोणत्या आवृत्तीतलं आहे, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठांक बदलतात आणि पुढच्या अभ्यासकाला ते सापडत नाही. ते कुठे तोडलं आहे, कारण पुढचंच वाक्य कित्येकदा आधीच्या वाक्याची टर उडवतं. आणि ते बोलतंय कोण.

हा शेवटचा मुद्दा 'कोसला'च्या बाबतीत फारच नडतो. कादंबरी पांडुरंगच्या तोंडून येते. पांडुरंग खोटं गांभीर्य घेऊन बोलतो, अतिशयोक्ती करतो, स्वतःवरच हसतो. त्याचं एखादं वाक्य उचलून 'नेमाडे म्हणतात' असं लिहिलं, की उपरोध गळून पडतो आणि हाती उरतं ते सुविचारासारखं काहीतरी. आमच्या ग्रंथात आम्ही तपासलेल्या दहा अवतरणांपैकी तीन अशी निघाली. त्या तिन्हींवर मिळून एक आख्खं उपप्रकरण उभं होतं. ग्रंथाबद्दल परीक्षणात सांगण्याजोगी सगळ्यात मोलाची गोष्ट मला वाटतं हीच होती, आणि ती पहिल्या मसुद्यात कुठेच नव्हती.

नेमाड्यांसारख्या लेखकाबाबत आणखी एक सापळा असतो. ते स्वतः समीक्षक. साहित्याची मुळं आपल्याच मातीत आणि परंपरेत शोधणारा देशीवाद त्यांनी मांडला, आणि 'टीकास्वयंवर' या त्यांच्या समीक्षाग्रंथाला 1991 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आता ग्रंथकर्ता काय करतो, तर लेखकाच्या सिद्धान्तातून निकष घेतो, त्याच निकषाने लेखकाच्या कादंबऱ्या मापतो आणि माप बरोबर निघालं म्हणून खूश होतो. शिंप्याने आपल्याच टेपने आपणच शिवलेला सदरा मोजावा, तसं हे. लेखकाचं स्वतःबद्दलचं म्हणणं पुरावा म्हणून वापरायला हरकत नाही, पण तो एका पक्षाचा पुरावा आहे याची नोंद ग्रंथात हवी. कादंबरी सिद्धान्ताशी भांडते अशी एखादी तरी जागा ग्रंथकर्त्याने शोधली आहे का, हे मी मुद्दाम पाहतो. पानोपान सगळं जुळतच गेलं असेल तर माझा संशय वाढतो.

योगदानाबद्दल थोडक्यात. तिथेही तीच गल्लत वेगळ्या वेषात येते. 'ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकावरचा म्हणून हा ग्रंथ महत्त्वाचा' हे वाक्य लेखकाचं वजन ग्रंथाच्या पारड्यात टाकतं. ग्रंथाचं योगदान आधीच्या अभ्यासांच्या शेजारी ठेवून ठरतं. त्यासाठी संदर्भसूची वाचायची आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्याच विषयाचे प्रबंध आहेत का हेही पाहायचं. प्रस्तावनेत 'असा हा पहिलाच अभ्यास' असं असेल तर तर जरूरच. आमच्या ग्रंथाचं खरं योगदान दाव्यात नव्हतंच. 'हिंदू'वरच्या प्रकरणात वडिलांच्या आजारापासून पुढचा काळ कसा मागेपुढे उलगडतो याची प्रसंगवार मांडणी होती. ती इतकी काळजीपूर्वक केली होती, की ग्रंथाशी सर्वस्वी असहमत असणाऱ्यालाही ती वापरता यावी. हे सांगितलं नाही तर परीक्षण ग्रंथावर अन्याय करतं, मग आक्षेप कितीही बिनतोड असोत.

एका गोष्टीवर आमचा वाद झाला. तिचं म्हणणं, ग्रंथात स्त्री-व्यक्तिरेखांवर प्रकरण नाही ही उणीव लिहावी. मी म्हटलं, ग्रंथ परतण्याबद्दल आहे. तुला हवा असलेला वेगळा ग्रंथ त्याने लिहिला नाही हा त्याचा दोष कसा? त्यावर तिने विचारलं, "पण सर, परततो तो पुरुषच ना? घरी राहिलेल्या बायकांकडे न बघता परतण्याचा अर्थ कसा लागेल?" अशी मांडणी केली की तो आक्षेप ग्रंथाच्या दाव्याच्या आतलाच झाला. मी माघार घेतली आणि ते ठेवायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी दुसरा मसुदा आला. सुरुवातीची नेमाड्यांवरची दीड पानं गायब होती, त्यांच्या जागी एक परिच्छेद. 'संग्राह्य'ही गेलं होतं. त्या जागी तिने लिहिलं होतं : 'परतण्याचा दावा पहिल्या आणि अखेरच्या कादंबरीसाठी पटतो, चांगदेवच्या चार कादंबऱ्यांत तो तपासलेला नाही, आणि पांडुरंगचं बोलणं लेखकाचं मानल्यामुळे तिसऱ्या प्रकरणातले निष्कर्ष जपून वापरावेत. "हिंदू"वरचं प्रकरण मात्र स्वतंत्रपणे वाचावं.' मी फक्त 'जपून'च्या आधी पृष्ठांक घालायला सांगितले.